पाहुण्यांचं वाय-फाय, काउंटरपासून लांब

मालवणजवळचं बारा खोल्यांचं हॉटेल, १०० एमबीपीएसची लाइन. शनिवारी रात्री काउंटरवर बिल निघेना, कारण कुणाच्या तरी फोनमधले फोटो क्लाउडवर चढत होते. अपलोडची वाट तुंबली की डाउनलोडही रखडतं, आणि मर्यादा घालताना नेमकं अपलोडच विसरलं जातं.

उपाय राउटरमध्येच होता. पाहुण्यांचं जाळं वेगळ्या व्हीलॅनवर टाकलं आणि तिथून ऑफिसच्या जाळ्याकडे जाणारी वाट फायरवॉलमध्ये बंद केली. दर फोनला येता-जाता ५ एमबीपीएस. एका सिनेमाला तेवढं पुरतं. तीस फोन म्हणजे १५०, पण सगळे एकदम ओढत नाहीत. तरीही पाहुण्यांची एकूण मर्यादा ८० ठेवली, उरलेले २० काउंटरला.

नुसता दुसरा पासवर्ड म्हणजे वेगळं जाळं नव्हे. इथेच बरेच जण फसतात. खात्री करायची तर आपला फोन पाहुण्यांच्या वाय-फायला जोडा आणि ब्राउझरमध्ये ऑफिसच्या प्रिंटरचा पत्ता टाका, समजा 192.168.10.5. प्रिंटरचं पान उघडलं, तर मधली भिंत अजून उभी राहिलेली नाही.