परीक्षेला कोणतं घड्याळ चालतं?

2016च्या मार्च महिन्यात इंग्लंडमधल्या बाथ परिसरातील एका शाळेच्या उपमुख्याध्यापकांनी एक काळजीची गोष्ट जाहीरपणे मांडली आणि बीबीसीने तिची बातमी केली. परीक्षेत कॉपी करण्यासाठीच बनवलेली घड्याळं ऑनलाइन दुकानांत उघड उघड विकली जात होती. घड्याळात नोट्स भरून ठेवायच्या, पेपर चालू असताना पडद्यावर वाचायच्या आणि पर्यवेक्षक जवळ आले की एक बटण दाबायचं. त्या क्षणी मजकूर जाऊन पडद्यावर घड्याळाची साधी तबकडी यायची आणि बाकीची बटणंही बंद पडायची. पर्यवेक्षकांनी मनगट पाहिलं, तरी त्यांना दिसणार काय, तर वेळ!

परीक्षागृहातली स्मार्टवॉचबंदी समजून घ्यायची तर या बटणापासून सुरुवात करायला हवी. ‘ब्लूटूथ बंद ठेवलं, फोन बाहेर बॅगेत आहे, मग हरकत काय?’ असं विद्यार्थी आणि पालक कळकळीने विचारतात. पण फोन दूर असला तरी आजच्या बऱ्याच स्मार्टवॉचचं काही अडत नाही. घड्याळाची स्वतःची साठवण असते आणि तिच्यात सूत्रांच्या पानांचे फोटो सहज मावतात. काहींमध्ये ई-सिम असतं, म्हणजे संदेश थेट मनगटावर येऊ शकतो. एअरप्लेन मोडने बाहेरून येणारा संदेश थांबेल, आत आधीच भरून ठेवलेलं तसंच राहील. आणि तो मोड पेपर संपेपर्यंत चालूच राहिला, हे पर्यवेक्षकांनी कसं तपासायचं? एका ब्लॉकमध्ये पंचवीसएक विद्यार्थी, उत्तरपत्रिका वाटायच्या, सह्या घ्यायच्या, पुरवण्या द्यायच्या. प्रत्येकाच्या घड्याळाचा मेनू उघडून पाहणं शक्य नाही. म्हणून नियम असा झाला, की एका नजरेत जे निरुपद्रवी आहे असं कळत नाही, ते आत न्यायचं नाही.

भारतात हा नियम कडक होण्यामागे एक मोठी घटना आहे. 3 मे 2015 रोजी वैद्यकीय प्रवेशाची एआयपीएमटी परीक्षा झाली. त्याच दिवशी हरियाणात रोहतक पोलिसांनी काही जणांना पकडलं. तपासात दिसलं, की कपड्यांत शिवलेली सिमकार्डची उपकरणं आणि कानातले बारीक ब्लूटूथ वापरून परीक्षार्थींना बाहेरून उत्तरं सांगितली जात होती. 15 जूनला सर्वोच्च न्यायालयाने संपूर्ण परीक्षा रद्द केली. सहा लाखांहून अधिक मुलामुलींना 25 जुलैला पुन्हा पेपर द्यावा लागला, त्यातल्या बहुतेकांचा या प्रकाराशी काडीचाही संबंध नव्हता. फेरपरीक्षेला अर्ध्या बाह्यांचे कपडे, पायात चप्पल असे नियम आले आणि घड्याळावर सरसकट बंदी आली. आज ‘नीट’च्या दारात साधं काट्यांचं घड्याळही काढून ठेवावं लागतं, त्याची मुळं त्या उन्हाळ्यात आहेत.

म्हणून पहिला प्रश्न ‘कोणतं घड्याळ?’ हा नाही, ‘कोणती परीक्षा?’ हा आहे. ‘नीट’ला कुठलंच घड्याळ चालत नाही, वेळ पाहायची ती खोलीतल्या घड्याळावर. सीबीएसईच्या दहावी-बारावीच्या सूचनांमध्ये मात्र परवानगी असलेल्या वस्तूंत काट्यांचं घड्याळ स्पष्टपणे दिलेलं आहे आणि स्मार्टवॉच बंदी असलेल्या वस्तूंत आहे. यूपीएससीच्या प्रवेशपत्रावर साध्या मनगटी घड्याळाला मुभा असते. संपर्काचं साधन म्हणून वापरता येईल असं काही जोडलेलं घड्याळ आणि स्मार्टवॉच यांना मनाई. एकाच घरातला थोरला यूपीएससीला घड्याळ घालून बसतो आणि धाकटीचं घड्याळ ‘नीट’च्या दारात उतरवलं जातं, यात कुणाचीही चूक नाही.

जिथे साधं घड्याळ चालतं, तिथे साधं म्हणजे काय, हे हातात घेऊन पाहावं. पांढरी किंवा काळी तबकडी, ठळक आकडे, तास, मिनिट आणि सेकंदाचे तीन काटे, फार तर तारखेची छोटी खिडकी. बाजूला एकच चावी. ती बाहेर ओढली की बहुतेक सेलच्या घड्याळांत सेकंदकाटा जागीच थांबतो आणि चावी फिरवली की दुसरे दोन काटे फिरतात. मग घड्याळ उलटं करावं. साध्या घड्याळाला मागे पोलादाचं बंद झाकण असतं. स्मार्टवॉच आणि फिटनेस बँड यांच्या पाठीवर बहुधा काचेचा किंवा प्लॅस्टिकचा गुळगुळीत भाग असतो, त्यात नाडी मोजणारे हिरवे दिवे असतात, चार्जिंगचे पितळी ठिपकेही कधीकधी दिसतात. फक्त पावलं मोजणारा बँडसुद्धा याच कारणाने अडवला जातो. बऱ्याच बँडवर फोनचे संदेश वाचता येतात.

फसगत होते ती मधल्या प्रकारात. बाजारात हायब्रिड घड्याळं मिळतात. गार्मिनच्या व्हिवोमूव्हला खरे फिरणारे काटे असतात आणि तबकडीखाली पडदा लपलेला असतो. हात लावल्यावर तो उजळतो. काही कंपन्यांची काट्यांची घड्याळं ब्लूटूथने फोनला जोडता येतात. दिसायला साधं घड्याळ, पण आतून नाही. वापरणाऱ्या मुलाचा हेतू शुद्ध असला तरी पर्यवेक्षकांपुढे तो सिद्ध करता येत नाही, म्हणून असं घड्याळ घरीच ठेवावं.

आकड्यांच्या डिजिटल घड्याळाचा प्रश्न थोडा नाजूक आहे. कॅसिओच्या एफ-91डब्ल्यूसारख्या स्वस्त घड्याळात मजकूर साठवायची सोयच नाही. गजर, स्टॉपवॉच आणि दिवा एवढंच. तरीही ते परीक्षेला नेऊ नये. एक तर सूचनेत ‘काट्यांचं’ असं लिहिलं असेल तर वाद घालायला जागा नाही. दुसरं, दर तासाला वाजणारी टिक सगळ्या खोलीला ऐकू येते आणि ती बंद करायची राहून जाते. कॅल्क्युलेटर असलेलं घड्याळ तर सरळच बाद. तीन उपतबकड्या आणि दोन जादा बटणांचं क्रोनोग्राफ घड्याळ निरुपद्रवी असलं तरी पर्यवेक्षकांना थांबून पाहायला लावतं. पेपरच्या आधीची ती मिनिटं विद्यार्थ्याची असतात, ती घड्याळाच्या चौकशीत जाऊ नयेत.

एचएमटीची चावीची घड्याळं अजून कित्येक घरांत आहेत. त्यांत सेलही नसतो, त्यामुळे शंकेला वाव सर्वांत कमी. फक्त अशी घड्याळं रोज थोडी मागेपुढे होतात. सकाळी चावी द्यावी, वेळ लावावी आणि केंद्रावर पोहोचल्यावर भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहावी. घंटा केंद्राच्या वेळेनुसार वाजते, आपल्या मनगटावरच्या नाही.

हे सगळं आदल्या रात्री करावं. प्रवेशपत्रावरच्या सूचना शेवटच्या ओळीपर्यंत वाचाव्यात. घड्याळ चालत असेल तर तेच घालून घरी दोन-तीन सराव पेपर सोडवावेत, म्हणजे काट्यांवरून उरलेला वेळ पटकन कळायला लागतो. डिजिटल आकड्यांची सवय झालेल्या मुलांना इथे अडखळायला होतं. घड्याळ चालत नसेल तर स्मार्टवॉच ‘गेटवर कुणीतरी ठेवेल’ या भरवशावर नेऊ नये. सामान सांभाळायची जबाबदारी अनेक केंद्रं घेत नाहीत, आणि महागडं घड्याळ अनोळखी माणसाच्या हातात देऊन आत बसलेल्या मुलाचं लक्ष पेपरात राहत नाही. पालकांनी ते घरातून निघतानाच काढून घ्यावं.