यूपीएस किती मिनिटं टिकेल?

घरगुती यूपीएसवर '६०० व्हीए' असं ठळक लिहिलेलं असतं, पण खरेदी करताना पाहायचा तो वॅटचा आकडा. अशा यूपीएसची क्षमता बहुधा ३६० वॅटच्या आसपास असते. साधा डेस्कटॉप, मॉनिटर आणि राउटर मिळून साधारण १५० वॅट घेतात, म्हणजे तो पुरेसा आहे. ग्राफिक्स कार्ड असेल तर मात्र मोठा घ्यावा.

आता बॅटरी. आत बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी असते. गुणाकार ८४ वॅट-तास. १५० वॅटला हे ३३ मिनिटं पुरावं, असं कागदावर दिसतं. प्रत्यक्षात नवी बॅटरी पंधराएक मिनिटंच टिकते. कारण ७ हा आकडा वीस तास सावकाश वापरण्यासाठीचा आहे. झपाट्याने वीज खेचली की बॅटरी खूपच कमी देते, शिवाय थोडी वीज रूपांतरात वाया जाते.

यूपीएस अर्थिंग असलेल्या सॉकेटलाच जोडा आणि आधी रात्रभर चार्ज करा. लेझर प्रिंटर त्यावर लावू नका. तापताना तो एकदम इतकी वीज ओढतो की यूपीएस बंद पडतो.

खरा वेळ मोजायचा तर काम सेव्ह करा, भिंतीवरचं बटण बंद करा आणि घड्याळ लावा. बीप जलद होताच बटण पुन्हा चालू करा. दर सहा महिन्यांनी हे करा. वेळ निम्म्यावर आला, की बॅटरी बदला.