प्रकल्पाच्या शेवटी ‘गूगल’ का चालत नाही

पक्ष्यांवरच्या प्रकल्पाच्या शेवटी ‘संदर्भ : गूगल’ लिहिलेले शिक्षकांना चालत नाही, हे पालकांना पाठवलेल्या ईमेलमध्ये आधीच सांगितलेले बरे. गूगल माहिती शोधून देते. ती लिहिणारा वेगळाच असतो. म्हणून पानाचे शीर्षक, संकेतस्थळाचे नाव, पत्ता आणि पाहिल्याची तारीख लिहायची. विकिपीडियाचा मजकूर कधीही बदलतो, त्यामुळे तिथे तारीख अधिकच गरजेची.

पुस्तकासाठी लेखक, नाव, प्रकाशक, वर्ष आणि पृष्ठ लागते. सालिम अलींचे ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ 1941 साली प्रथम निघाले. पण मुलाच्या हातात नंतरची आवृत्ती असेल, तर तिचेच वर्ष लिहायचे, कारण आवृत्तीगणिक पृष्ठे बदलतात. वाक्यातले शब्द फिरवले तरी श्रेय द्यावेच लागते. जसेच्या तसे वाक्य अवतरणचिन्हांत ठेवायचे.