खांदा हलका, पाय भारी

रोज 6 किलोमीटर पोहणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलीचा हिशेब करून पाहा. 50 मीटरच्या तलावात एका लांबीला ती साधारण 40 हात मारत असेल, तर दिवसाला एकेका खांद्याचे सुमारे 2400 फेरे होतात. प्रत्येक फेऱ्यात दंड खाली आणि आत ओढला जातो. त्यामुळे छातीचे नि पाठीचे मोठे स्नायू दणकट होतात, पण दंड बाहेर वळवणारे आणि खांद्याचं पातं जागेवर धरणारे छोटे स्नायू मागे पडतात. मग खांदे पुढे झुकतात आणि सांध्याच्या पुढच्या बाजूला दुखू लागतं. अशा मुलीला जमिनीवरच्या व्यायामात पुन्हा जोर आणि बेंचप्रेसच देत राहणं मला पटत नाही.

तिला हवा तो साधा रबरी पट्टा. तो कमरेच्या उंचीवर बांधायचा, कोपर काटकोनात वाकवून बरगडीला लावायचं आणि मध्ये छोटा टॉवेल धरायचा. मग हात सावकाश बाहेर न्यायचा, तितकाच सावकाश आत आणायचा. 15 वेळा, दोन सेट. टॉवेल निसटून पडला, तर पट्टा जड आहे आणि काम भलतेच स्नायू करताहेत असं समजावं. हा व्यायाम पोहून झाल्यावर करायचा. खांदा सांभाळणारे स्नायूच आधी दमवून पाण्यात उतरणं धोक्याचं. जोडीला कोपरं मागे नेणारं रोइंग घ्यावं. जोराचा एक सेट झाला, तर रोइंगचे दोन.

पायांचं गणित उलटं आहे. 100 मीटर फ्रीस्टाइलमध्ये स्टार्टनंतर आणि टर्ननंतर प्रत्येकी 15 मीटरपर्यंत पाण्याखाली राहता येतं, आणि तिथला वेग ब्लॉकला किंवा भिंतीला दिलेल्या रेट्यातून येतो. म्हणून आठवड्यातून दोनदा, पाय ताजे असताना, आधी उड्या. जागेवरून लांब उडी, तीन-तीनचे चार सेट, मध्ये दोन मिनिटं पूर्ण विश्रांती. अंतर घटू लागलं की तिथेच थांबायचं, कारण दमलेल्या उड्यांनी स्फोटक ताकद वाढत नाही. त्यानंतर स्क्वॉट, सहा-सहाचे तीन सेट. वजन असं की आणखी दोन सहज निघावेत. गुडघे आत वळले, तर वजन कमी करा. बारबेल मानेमागे धरताना खांदा नको तितका मागे ताणला जातो, म्हणून डंबेल छातीशी धरलेलं बरं.

स्नायू दोन्हीकडे सारखे ठणकत असतील, तर तो थकवा. एकाच खांद्यात पुढून टोचत असेल, हात बाजूने वर नेताना मध्येच कळ येत असेल किंवा रात्री त्या कुशीवर झोपवत नसेल, तर पॅडल्स आणि डोक्यावर वजन उचलणं लगेच बंद करून फिजिओथेरपिस्टला दाखवावं. तोवर पायांचा व्यायाम चालू ठेवता येतो. फक्त हातात वजन न घेता.