विंचूकाटा वरून टिपताना

लोहगडाचा विंचूकाटा ड्रोनमधून टिपायचा, तर पहिलं काम घरीच. ‘डिजिटल स्काय’च्या नकाशावर जागा हिरव्या, पिवळ्या की लाल क्षेत्रात येते ते पाहायचं. हिरव्यातही मर्यादा 120 मीटर. शिवाय गड संरक्षित स्मारक, त्यामुळे पुरातत्त्व खात्याची परवानगी वेगळी.

बॅटरीचा कागदावरचा अर्धा तास गडावरच्या वाऱ्यात टिकत नाही. म्हणून आधी वाऱ्याविरुद्ध जावं आणि वारा पाठीशी घेऊन परतावं. उलट केलं तर जाणं झटपट होतं, पण येताना ड्रोन जागीच झगडतो आणि टक्के भराभर उतरतात. तीस टक्क्यांना माघारी वळलेलं बरं.

चित्रण हिसके खातं ते बहुधा घाईमुळे. सिने मोड लावून एकच काडी हळूहळू ढकलावी, रेकॉर्डिंग मात्र हालचालीच्या थोडं आधी सुरू करावं.