पट्टा न लावता टिकतो तोच गॉगल

लेक पोहायला शिकणार म्हणून बाग सेवनियातल्या घरी मी हौसेने दिसायला छान गॉगल आणला. पहिल्याच दिवशी त्यात पाणी शिरलं. मी पट्टा आवळला. डोळ्यांभोवती वळ उठले, पाणी तरी शिरतच राहिलं. गॉगल मोठ्यांच्या मापाचा होता.

दुसऱ्यांदा तिलाच दुकानात नेलं. पट्टा डोक्यामागे न घेता गॉगल डोळ्यांवर हलकेच दाबला आणि हात सोडला. दोन-तीन सेकंद चिकटून राहिला, तर माप बरोबर. लगेच पडला, तर कडा चेहऱ्याला बसत नाही. मग पट्टा आवळून उपयोग नाही. स्पीडो, अरीना, डेकॅथलॉनचा नाबाईजी, सगळ्यांकडे मुलांची मापं असतात. पारख मात्र हीच. कडा मऊ सिलिकॉनची हवी.

लेटेक्सची टोपी स्वस्त, पण केस ओढते. सिलिकॉनची सहज चढते. मात्र केस कोरडे राहतील ही अपेक्षा नको.

कॉस्च्युम ‘वाढत्या अंगाचा’ घेऊ नका, सैल कापडात पाणी भरतं. क्लोरीनने लायक्रा लवकर सैलावतं. रोजच्या वापराला पॉलिएस्टर जास्त टिकतं.

नव्या गॉगलने तिने पहिल्यांदाच आपणहून पाण्यात तोंड घातलं.