आधणाचे पाणी आणि कॉफीची पूड

कॉफीच्या पुडीवर ओतायचे पाणी ९० ते ९६ अंश सेल्सियसच्या दरम्यान असावे, असा जगभरच्या कॉफीतज्ज्ञांचा सर्वसाधारण संकेत आहे. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांना उकळते. म्हणजे हवे असलेले पाणी उकळत्या पाण्याहून जेमतेम चार ते दहा अंशांनी थंड असते. एवढ्याशा फरकाने काय बिघडते, हे समजायला पुडीतून पाण्यात काय काय उतरते ते आधी पाहावे लागते.

भाजलेल्या कॉफीच्या वजनापैकी सुमारे ३० टक्के भाग पाण्यात विरघळू शकतो. पण तो सगळाच पेल्यात यावा असे नाही. पुडीच्या वजनाचा १८ ते २२ टक्के भाग उतरला, तर कॉफी बहुतेकांना गोडसर, भरीव आणि समतोल लागते. हे सारे एकाच वेळी विरघळत नाही. फळासारखी आंबट चव देणारी आम्ले चटकन सुटतात. गोडवा आणि भरीवपणा त्यांच्या मागोमाग येतो. जिभेवर रेंगाळणारा कडूपणा आणि तोंड कोरडे करणारा तुरटपणा यांचे घटक सावकाश सुटतात आणि त्यांचे प्रमाण अखेरीस वाढते. पाणी जितके गरम, तितका हा प्रवास वेगाने होतो. ८० अंशांच्या पाण्यात तो अर्ध्यावर थांबतो आणि कॉफी आंबट, पाणचट होते. उकळत्या पाण्यात तो बघता बघता शेवटच्या टप्प्यात शिरतो.

आधणाच्या पाण्याने पूड ‘जळते’ असे म्हणतात, त्याचा खरा अर्थ हा आहे. कोळसा होणे या अर्थाने ती जळत नाही आणि जळूही शकत नाही. बिया भाजताना त्यांचे तापमान २०० अंशांच्या पुढे गेलेले असते. त्या आचेतून निघालेल्या पुडीला १०० अंशांचे पाणी करपवू शकत नाही. जळकट चव भाजतानाच तयार झालेली असते; अति गरम पाणी ती फक्त जास्त प्रमाणात बाहेर काढते. जर्मन अन्नरसायनशास्त्रज्ञ थॉमस हॉफमन यांच्या गटाने २००७ साली कॉफीतल्या कडूपणाची उकल मांडली. कॉफीतल्या क्लोरोजेनिक आम्लापासून बिया मध्यम भाजताना लॅक्टोन बनतात आणि त्यांचा कडूपणा सौम्य असतो. भाजणे लांबवले की त्यांचेच रूपांतर फेनिलइंडेन नावाच्या संयुगांत होते. त्यांचा कडूपणा तिखट आणि चिवट असतो.

म्हणूनच किती गरम पाणी चालेल, हे पुडीच्या भाजणीवर ठरते. काळपट भाजलेली बी सच्छिद्र आणि ठिसूळ असते, तिच्यात पाणी सहज शिरते, आणि कडू द्रव्यांचा साठाही मोठा असतो. तिला ८८ ते ९२ अंश पुरतात. फिकट भाजलेली बी घट्ट असते आणि अर्क सोडायला नाखूश असते. तिच्यावर थेट उकळते पाणी ओतले तरी सहसा बिघडत नाही, उलट चव खुलते. ‘उकळते पाणी कधीच नको’ हा सरसकट नियम त्यामुळे अपुरा आहे. बारीक दळलेली पूड मात्र जाड पुडीपेक्षा लवकर बिघडते, कारण तिचा पाण्याशी संपर्क अधिक असतो.

किटलीतले तापमान आणि पुडीतले तापमान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मात्र बहुतेकदा लक्षात घेतले जात नाही. दक्षिणी पद्धतीच्या स्टीलच्या फिल्टरचे उदाहरण घेऊ. वरच्या भांड्याचे वजन १०० ग्रॅम, त्यात २० ग्रॅम पूड, दोन्ही खोलीच्या २५ अंशांवर, आणि ओतायचे पाणी १५० मिलिलिटर. पाणी थेट आधणाचे ओतले, तर भांडे आणि पूड तापवण्यात त्याची उष्णता खर्च होऊन मिश्रण सुमारे ९१ अंशांवर येते. हेच पाणी आधी ९५ अंशांपर्यंत निववून ओतले, तर मिश्रण ८७ अंशांच्या आसपास उरते, आणि फिल्टरमधला अर्क तर सावकाश, दहा-पंधरा मिनिटे थेंबाथेंबाने उतरायचा असतो. त्या वेळात पाणी आणखी निवते आणि डिकॉक्शन फिके, आंबूस होते. फिल्टर आधी गरम पाण्याने विसळून ८५ अंशांच्या आसपास तापवला आणि मग ९५ अंशांचे पाणी घातले, तर मिश्रण पुन्हा ९१ वर स्थिरावते. हवेत जाणारी उष्णता या हिशेबात धरलेली नाही, पण दिशा कळायला तो पुरेसा आहे. थंड फिल्टरला उकळते पाणी चालते. तापवलेल्या फिल्टरला उकळी बसलेले पाणी हवे.

थर्मामीटर नसला तरी हे जमते. अर्धा लिटर उकळते पाणी ३०० ग्रॅम वजनाच्या, खोलीच्या तापमानाच्या स्टीलच्या तांब्यात ओतले की ते लगेच ९५ अंशांच्या जवळ येते. धारेत एखादा अंश आणखी कमी होतो. गॅस बंद करून झाकण काढून ठेवायचे असेल, तर बुडबुडे थांबून पाण्याचा पृष्ठभाग शांत होईपर्यंत, साधारण अर्धा ते एक मिनिट थांबावे. भांडे रुंद असेल तर कमी वेळ लागतो, जाड बुडाचे असेल तर जास्त.

पूड खरोखर बिघडते ती आच चालू ठेवल्याने. पूड पाण्यात टाकून मिनिटभर खळाखळा उकळली, तर पाणी सतत १०० अंशांवर राहते, त्यात खळबळीने अर्क ओढला जातो आणि सुगंधी द्रव्ये वाफेबरोबर उडून जातात. मराठी घरांत जायफळ घालून उकळलेल्या कॉफीत दूध आणि साखर हा कडूपणा झाकतात. ती कॉफी काळी पिऊन पाहिली की फरक कळतो. त्याच पुडीवर आच बंद केल्यावर पाणी ओतले, चार मिनिटे झाकून ठेवले आणि मग गाळले, तर अर्क पुरेसा उतरतो आणि तुरटपणा मागे राहतो.

चूक कुठली ते जीभच सांगते. घोट घेतल्यावर गालांच्या आत ओढल्यासारखे वाटून कडू चव रेंगाळली, तर पाणी फार गरम, पूड फार बारीक किंवा वेळ फार, यांपैकी काहीतरी झाले. आंबटपणा टोचणारा आणि कॉफी पोकळ असेल तर उलटे. तापमान, दळण आणि वेळ एकमेकांची उणीव भरून काढतात. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०२० साली ८७, ९० आणि ९३ अंशांची ड्रिप कॉफी तुलनेला घेतली. कॉफीचा कडकपणा आणि उतरलेल्या अर्काचे प्रमाण दळण व पाणी बदलून सारखे ठेवले, तेव्हा चवीत तापमानाचा फरक फारच थोडा जाणवला. म्हणजे पाणी बदलता येत नसेल, तर दळण बदलावे.

हे डोंगरावर उपयोगी पडते. दर तीनशे मीटर उंचीला उत्कलनबिंदू साधारण एका अंशाने उतरतो. सुमारे १३५० मीटर उंचीच्या महाबळेश्वरला पाणी ९५-९६ अंशांनाच उकळते, म्हणून तिथे निववत बसण्याचे कारण नाही. साडेतीन हजार मीटरवरच्या लेहमध्ये ते ८८ अंशांच्या आसपास उकळते. तिथे पाणी उकळते असतानाच ओतावे, पूड थोडी बारीक दळावी आणि भांडे झाकून मिनिटभर अधिक ठेवावे.